पैसे गेले नाहीत, म्हणून गुन्हा नाही का? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: मोबाइलवरील खेळातले मोफत डायमंड आणि आयडीच्या अदलाबदलीचे आमिष दाखवून शाळकरी मुलांची खाती चोरण्याच्या प्रकारांची दखल घेण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेत संगणक हा विषय शिकवतो. आमच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जे घडले, ते मी त्याच्या वडिलांच्या संमतीने आपल्यासमोर मांडत आहे.

हा मुलगा फ्री फायर मॅक्स खेळतो. या खेळात बंदुकीची स्किन, म्हणजे तिचे सजवलेले रूप, किंवा कपड्यांचे बंडल घ्यायचे तर बहुतेक वेळा डायमंड लागतात, आणि ते खरे पैसे देऊन विकत घ्यावे लागतात. एका व्हिडिओखालच्या प्रतिक्रियेत त्याला ‘फ्री डायमंड जनरेटर’ची लिंक मिळाली. त्या पानाने सुरुवातीला पासवर्ड मागितलाच नाही, फक्त यूआयडी, म्हणजे खेळाडूचा क्रमांक, मागितला. तो टाकताच पडद्यावर त्याचे खेळातले टोपणनाव अचूक उमटले आणि मुलाचा विश्वास बसला. यूआयडीवरून टोपणनाव कळणे ही काही गुप्त गोष्ट नाही, कारण डायमंड विकणारी अनेक संकेतस्थळे रिचार्ज योग्य खात्यावर होतो आहे ना याची खात्री पटावी म्हणून ते दाखवतात. पण चौदा वर्षांच्या मुलाला हे कोण सांगणार?

त्यानंतर त्याने ९९,९९९ डायमंड निवडले, एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असा संदेश आला. सिद्ध करायचे म्हणजे लिंक व्हॉट्सॲपवर दहा जणांना पाठवायची आणि दोन ॲप डाउनलोड करायची. अशा प्रत्येक डाउनलोडमागे पान चालवणाऱ्याला कमिशन मिळते, म्हणजे खाते चोरण्याआधीच त्याची कमाई सुरू झालेली असते. शेवटी ‘डायमंड जमा करण्यासाठी खाते जोडा’ असे सांगून फेसबुकच्या लॉगिनसारखे हुबेहूब दिसणारे पान उघडले. मुलाने त्यात पासवर्ड भरला आणि वडिलांच्या फोनवर आलेला सहा आकडी ओटीपीही भरला.

महोदय, असा जनरेटर अस्तित्वातच असू शकत नाही. डायमंडची शिल्लक कंपनीच्या सर्व्हरवर असते, मुलाच्या फोनवर दिसतो तो फक्त त्या शिल्लकेचा आकडा, आणि बाहेरच्या कोणत्याही पानाला ती शिल्लक बदलता येत नाही. तरीही मुले फसतात, याला एक कारण आहे. कंपनी अधूनमधून खरोखरच मोफत भेटवस्तूंचे कोड देते, ते reward.ff.garena.com या पत्त्यावर भरावे लागतात, आणि ते खरे पानही फेसबुक किंवा गुगलच्या खात्याने लॉगिन करायला सांगते. खऱ्या आणि खोट्या पानात फरक उरतो तो वरच्या पत्त्याच्या ओळीचा, आणि लहान पडद्यावर ती ओळ अर्धी झाकलेली असते.

अदलाबदलीच्या जाळ्याचीही अशीच गत आहे. या खेळात एका खेळाडूची स्किन उचलून दुसऱ्याच्या खात्यात टाकण्याची सोय नाही. त्यामुळे ‘माझे जुने बंडल घे, तुझी बंदूक दे’ असे कोणी म्हणाले की व्यवहार वस्तूचा राहत नाही, तो अख्ख्या आयडीचा, म्हणजे खात्याचा, होतो, आणि मुलाला पासवर्ड आधी द्यायला लावला जातो. मध्यस्थ म्हणून ज्या ‘ॲडमिन’ला ग्रुपमध्ये उभे केले जाते, तो बहुधा त्याच टोळीतला असतो. बदल्यात मिळालेला आयडीसुद्धा मूळ ईमेल ज्याच्या हातात आहे तो माणूस काही दिवसांत परत खेचून घेऊ शकतो.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे परत येतो. त्याने खेळाला जोडलेले फेसबुक खाते त्याचे नव्हते, वडिलांचे होते. गावाकडे हे सर्रास होते, कारण घरात फोन एक आणि ईमेल एक. चोराने रात्रीच त्या खात्याचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल बदलला. ईमेल बदलल्यावर जुन्या पत्त्यावर ‘हा बदल तुम्ही केला नसेल तर येथे कळवा’ अशी सूचना येते, आणि त्या लिंकवरून बदल उलटवताही येतो. ती सूचना आली होती, पण तो मेलबॉक्स घरात कोणी उघडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाप-लेक पोलीस ठाण्यात गेले. तिथे पहिला प्रश्न आला, “किती पैसे गेले?” पैसे गेले नाहीत म्हटल्यावर “मग गेम डिलीट करा आणि अभ्यास कर” असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. त्याच दिवशी दुपारी त्या फेसबुक खात्यावरून चार नातेवाइकांना ‘दवाखान्यात आहे, तातडीने पैसे पाठव’ असा निरोप गेला आणि मुलाच्या काकांनी ४,००० रुपये पाठवले. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लागला आणि तक्रारही नोंदली गेली, पण ती केवळ त्या ४,००० रुपयांची. ज्या चोरीतून हे घडले, तिची नोंद आजही कुठे नाही.

माझी तक्रार त्या ठाण्यातल्या हवालदारांविषयी नाही. १९३० ही व्यवस्था पैसे गोठवण्यासाठी उभारली आहे, आणि ते काम ती करते. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६क, म्हणजे इंग्रजी क्रमातील 66C, दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हाच गुन्हा मानते. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि रुपया गेला पाहिजे अशी अट त्यात नाही. कलम ७८ नुसार तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने करायचा असतो. मात्र तपासाला निरीक्षक लागतो म्हणून तक्रारच नोंदवू नये, असे हे कलम कुठेही म्हणत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की, खाते चोरीला गेल्याची तक्रार आर्थिक नुकसान झालेले नसले तरी त्याच दिवशी नोंदवून घ्यावी, असे लेखी परिपत्रक आपण सर्व ठाण्यांना द्यावे. तक्रारीत काय लिहून घ्यायचे, तेही त्यात असावे. खेळातले टोपणनाव चोर लगेच बदलतो, पण यूआयडी तोच राहतो. पूर्वी डायमंड गुगल प्लेवरून घेतले असतील, तर पावतीवर GPA ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो, आणि खाते मूळचे कोणाचे हे दाखवायला तो मोठा आधार ठरतो. खोट्या पानाचा पूर्ण पत्ता आणि लिंक ज्या ग्रुपमधून आली त्याचा स्क्रीनशॉटही घ्यावा. ही पाने चार दिवसांत नाव बदलतात, आठवड्याने शोधायला गेले तर हाती काही लागत नाही.

दुसरी विनंती महाराष्ट्र सायबर विभागासाठी आहे. ठाण्यांकडून असे पत्ते एकत्र आले, तर एकाच टोळीची वेगवेगळ्या नावांची पाने जुळवता येतील आणि ती हटवण्याची नोटीस एकेका पानासाठी न देता एकत्र देता येईल. आज ती माहिती ठाण्याच्या दारातूनच परत जाते.

या विद्यार्थ्याच्या वडिलांनी यूआयडी, दोन जुन्या पावत्या आणि त्या खोट्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचे ते कळवल्यास मी स्वतः त्यांना घेऊन येईन.

आपला नम्र,
माध्यमिक शाळेतील एक संगणक शिक्षक