सायन्स लॅबसाठी प्रमाण वजनं वगैरे घेण्याबाबत – माजी विद्यार्थी मंडळाचं आवाहन

मा. मुख्याध्यापक सर, सप्रेम नमस्कार.

आपल्या लॅबमधला २०० ग्रॅमचा इलेक्ट्रॉनिक तराजू ज्या बॅचने दिला त्यांनी स्वतःच्या स्नेहसंमेलनाचा खर्च कमी करून दिला, पीएच मीटर निवृत्त लॅब असिस्टंट काकांनी पेन्शनमधून घेऊन दिला, आणि थर्मामीटरचा अख्खा सेट देणाऱ्या ताईंनी तर नावाची पाटीसुद्धा लावू दिली नाही. अशी माणसं मंडळाला लाभली याचा फार अभिमान वाटतो. पण सर, ही उपकरणं आली तेव्हापासून बरोबर दाखवतात का हे कुणी तपासलेलंच नाही. मागच्या वर्षी हाच प्रस्ताव दिला होता, साधी पोचही मिळाली नाही, मनाला लागलं, तरी प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्यात म्हणून परत लिहितोय.

परवा केमिस्ट्रीच्या मॅडमनी एकच बीकर दोन्ही तराजूंवर ठेवला. एकावर ८६.४२ ग्रॅम, दुसऱ्यावर ८६.१५. रिकामे असताना दोन्ही ०.००च दाखवतात, आणि १० ग्रॅमच्या आसपासची वस्तू ठेवली तर फरक जेमतेम ०.०३, म्हणजे वजन वाढेल तशी चूक वाढतेय आणि टेअर दाबून ती जाणार नाही. पण चुकतोय कुठला तराजू? एकमेकांशी ताडून फरक कळतो, खरं कुठलं ते कळत नाही. त्याला सर्टिफिकेट असलेलं वजनच लागतं. ते १०० ग्रॅमचं वजन ठेवलं आणि एकावर १०० आणि दुसऱ्यावर ९९.६९ आलं की विषय संपला. कॅलिब्रेशनचं बटण आहे ना असं कुणी म्हणेल, पण ते दाबल्यावर तराजू ठेवलेलं वजनच खरं धरतो, तिथे बाजारातलं वजन ठेवलं तर चूक कायमची बसते.

वजनं F2 वर्गाचीच घ्यावीत ही विनंती. आपला तराजू १० मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, F2 च्या १०० ग्रॅमला जास्तीत जास्त १.६ मिलिग्रॅम चूक चालते, M1 स्वस्त मिळेल पण त्यात ५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या शेवटच्या अंकाच्या निम्मी.

यादी: F2 वजनं १०, ५०, १००, २०० ग्रॅम, चिमटा आणि डबीसकट, सर्टिफिकेटवाला एक थर्मामीटर (शून्य अंश मात्र डिस्टिल्ड वॉटरच्या बर्फाच्या चुऱ्यात फुकट तपासता येतं), पीएच ४, ७, ९.२ चे बफर, हे दरवर्षी नवे, कारण उघडलेला ९.२ हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतो. वजनांना हात लावायचा नाही, रोजच्या कामाला वापरायची नाहीत, कपाटाची किल्ली मॅडमकडे. तपासणी वर्षातून एकदा, तराजू अर्धा तास आधी चालू करून, बुडबुडा मधोमध आणून, आकडे रजिस्टरमध्ये. अर्धा खर्च मंडळ देईल, बाकीच्यासाठी शाळेची मंजुरी महिनाअखेर हवी, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी खजिनदारांकडे पावती घेऊनच द्यावी. कोटेशन ऑफिसात दिलंय, यावेळी उत्तर नक्की द्या सर.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ