तक्रार: ‘डेटा बचत’ निवडल्यावर फाइल तेवढीच राहते, आवाज मात्र बिघडतो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि तांत्रिक विभाग

विषय: ध्वनिसंपादन अ‍ॅपमधल्या ‘डेटा बचत’ एक्स्पोर्ट पर्यायातील दोन दोष आणि चुकीचा आकार-अंदाज यांबाबत

महोदय / महोदया,

आम्ही तुमच्या अ‍ॅपचे वर्गणीदार आहोत. व्याख्यानं, मुलाखती आणि पुस्तकवाचनाची ध्वनिमुद्रणं आम्ही त्यात तयार करतो. आमचे बहुतेक श्रोते ती मोबाइल डेटावर ऐकतात, म्हणून ‘डेटा बचत’ हा पर्याय आमच्या रोजच्या कामाचा. तो डेटा वाचवत नाही, एवढीच तक्रार असती तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं. पण तो डेटा न वाचवता आवाज खराब करतो, आणि असं का होतं हे तुमच्या मदत विभागाच्या उत्तरातून अजिबात कळत नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी आकाराचं बघू. ४२ मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण घ्या. ‘मध्यम’ पर्यायात ते ४४.१ किलोहर्ट्झ आणि १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये जातं. एक्स्पोर्टच्या खिडकीत आकार दिसतो ४०.३ एमबी, आणि फाइलही तेवढीच निघते. आता ‘डेटा बचत’ निवडलं की खिडकी १४.६ एमबी दाखवते. प्रत्यक्षात फाइल निघते पुन्हा ४०.३ एमबीचीच. त्या फाइलच्या आत काय आहे, ते असं तपासता येतं:

```
ffprobe -v error -show_entries stream=sample_rate,channels,bit_rate -of default=nw=1 bhag.mp3
```

उत्तर येतं:

```
sample_rate=16000
channels=2
bit_rate=128000
```

दोष इथेच उघडा पडतो. तुमचा पर्याय सॅम्पल रेट ४४.१ वरून १६ किलोहर्ट्झवर आणतो, पण बिटरेटला हातच लावत नाही. स्थिर बिटरेटच्या एमपी३मध्ये फाइलचा आकार ठरतो तो फक्त बिटरेट आणि कालावधीवर. १२८ किलोबिट म्हणजे दर सेकंदाला १६,००० बाइट. ४२ मिनिटांचे सेकंद २,५२०. गुणाकार ४,०३,२०,००० बाइट, म्हणजे ४०.३ एमबी. या हिशेबात सॅम्पल रेट कुठेच येत नाही. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असोत की १६,०००, एन्कोडरला त्या सेकंदासाठी १६,००० बाइटच भरायचे असतात आणि तो ते भरतो.

मग १४.६ हा आकडा आला कुठून? १६ भागिले ४४.१ केलं की ०.३६३ येतात आणि ४०.३ ला त्याने गुणलं की १४.६. हे प्रमाण डब्ल्यूएव्हीसाठी अगदी बरोबर आहे, कारण तिथे प्रत्येक सॅम्पल जसंच्या तसं साठवलं जातं. हेच ४२ मिनिटांचं मुद्रण १६ बिट मोनो डब्ल्यूएव्हीमध्ये ४४.१ किलोहर्ट्झला २२२ एमबी होतं आणि १६ किलोहर्ट्झला ८०.६ एमबी. तुमच्या अ‍ॅपने डब्ल्यूएव्हीचा नियम एमपी३ला लावला आहे. तुमच्या मदतपानावरही ‘सॅम्पल रेट निम्मा केला की फाइल निम्मी होते’ असं सरसकट लिहिलं आहे. ते वाक्य संकुचित न केलेल्या फाइलपुरतंच खरं आहे.

श्रोत्याच्या बाजूने पाहिलं तर बिटरेटला आणखी एक अर्थ आहे. थेट ऐकताना आवाज न अडखळता येत राहायचा असेल, तर जोडणीचा वेग बिटरेटपेक्षा सतत जास्त असावा लागतो. सिग्नल कमजोर होऊन वेग १०० किलोबिटवर आला की १२८ किलोबिटची फाइल थांबत थांबत चालते, ४८ किलोबिटची मात्र विनासायास चालते. सॅम्पल रेट कमी केल्याने यात काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी हा पर्याय केला, त्याच श्रोत्याच्या पदरी काही पडत नाही.

आता दुसरा दोष, जो आमच्या मते जास्त गंभीर आहे. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं फाइलमध्ये मावतात. १६ किलोहर्ट्झला ही मर्यादा ८ किलोहर्ट्झ. बोलण्यातले स्वर त्याच्या बरेच खाली असतात, पण ‘स’चा फुत्कार साधारण ४ किलोहर्ट्झच्या वर सुरू होऊन ८च्या पलीकडेही जातो. तेव्हा १६ किलोहर्ट्झवर आवाज थोडा मंद, कमी चमकदार लागणं अपेक्षित आहे. बोलणं तरी नीट कळतं, आणि तेवढ्यावर आम्ही तक्रार केली नसती.

तुमच्या फाइलमध्ये मात्र ‘स’ आणि ‘श’ मंद न होता खरखरीत आणि करकरीत होतात. याचं कारण असं दिसतं की सॅम्पल रेट उतरवण्याआधी ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग गाळला जात नाही. तो गाळला नाही तर नाहीसा होत नाही, मर्यादेवरून दुमडून खाली येतो. १० किलोहर्ट्झचं कंपन १६ मधून वजा होऊन ६ किलोहर्ट्झवर ऐकू येतं, ९ किलोहर्ट्झचं ७ वर. नेमक्या त्याच पट्ट्यात खऱ्या ‘स’चा जोर असतो, म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळतात. नंतर कुठलाही इक्वलायझर वापरून ते वेगळे करता येत नाहीत. ध्वनितंत्रात याला एलियासिंग म्हणतात आणि ते टाळणारी गाळणी सॅम्पल रेट बदलणाऱ्या कोणत्याही चांगल्या लायब्ररीत असतेच.

आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा. १० किलोहर्ट्झचा शुद्ध सूर असा तयार होतो:

```
ffmpeg -f lavfi -i "sine=frequency=10000:sample_rate=44100:duration=10" tone.wav
```

ही फाइल अ‍ॅपमध्ये घ्या आणि ‘डेटा बचत’मधून बाहेर काढा. गाळणी काम करत असेल तर निकाल जवळजवळ शांत असायला हवा. तुमच्या फाइलमध्ये ६ किलोहर्ट्झवर स्वच्छ शिट्टी ऐकू येते. कोणत्याही संपादकात स्पेक्ट्रोग्राम उघडला की ती एका सरळ आडव्या रेषेसारखी दिसते. एवढा साधा प्रयोग चाचणी विभागात कोणी केला नसावा याचं आश्चर्य वाटतं.

या तक्रारीला तुमच्या मदत विभागाचं उत्तर आलं ते असं: फाइल मोठी वाटत असेल तर प्रगत सेटिंगमध्ये सॅम्पल रेट ८ किलोहर्ट्झ करा. हा सल्ला कृपया कोणालाच देऊ नका. बिटरेट तोच राहिला तर आकार वरच्याच कारणाने बदलणार नाही. आवाजाची मर्यादा मात्र ४ किलोहर्ट्झवर येईल, ‘स’चा बहुतेक भाग जाईल आणि बोलणाऱ्याने ‘सोडा’ म्हटलं की ‘फोडा’, हे संदर्भावरून ओळखावं लागेल. शिवाय एमपी३मध्ये ८ किलोहर्ट्झ हा दर मूळ मानकात नाही. तो एमपेग २.५ नावाच्या अनधिकृत विस्तारात आहे आणि काही प्लेअर तो नीट वाजवत नाहीत.

सॅम्पल रेट कमी करण्याला एमपी३मध्ये अर्थच नाही, असं आमचं म्हणणं नाही. बिटरेट खाली आणल्यावर सॅम्पल रेटचं काम सुरू होतं. ३२ किलोबिट मोनोमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ ठेवलं तर मोजके बिट फार रुंद पट्ट्यावर पसरतात आणि आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुडतो. मागे पंख्याची घरघर किंवा खोलीचा घुमारा असेल तर आवाज आणखी लवकर बुडबुडतो, कारण एन्कोडरला तो गोंगाटही टिपावा लागतो. तिथे सॅम्पल रेट २२.०५ केला की तेच बिट ११ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यावर एकवटतात आणि आवाज जरा मंद पण स्वच्छ राहतो. म्हणजे आकार ठरवायचा बिटरेटने, आणि त्या बिटरेटला झेपेल एवढाच सॅम्पल रेट निवडायचा. तुमच्या पर्यायात हा क्रम नेमका उलटा झाला आहे.

गंमत म्हणजे तुम्ही खिडकीत दाखवलेला १४.६ एमबी हा आकार अगदी आवाक्यातला आहे. ४८ किलोबिटला २,५२० सेकंदांची फाइल १५.१ एमबी होते. एका मायक्रोफोनवरच्या बोलण्याला स्टिरिओची गरज नसते, दोन्ही वाहिन्यांत तेच असतं, म्हणून मोनो. सॅम्पल रेट २४ किलोहर्ट्झ, म्हणजे मर्यादा १२ वर जाते आणि ‘स’ला पुरेशी जागा मिळते. तुमच्याकडच्याच मूळ डब्ल्यूएव्हीवर ही आज्ञा चालवून फरक ऐका:

```
ffmpeg -i mul.wav -ac 1 -ar 24000 -c:a libmp3lame -b:a 48k bhag-48.mp3
```

कार्यक्रमात अधूनमधून संगीत असेल तर ६४ किलोबिट मोनो आणि ४४.१ किलोहर्ट्झ घ्यावं, तिथे ४८ तोकडे पडतात. याची फाइल २०.२ एमबी होते, म्हणजे सध्याच्या निम्मी. आमच्या अनुभवात नुसत्या बोलण्यासाठी याच्या वर जाण्याचं कारण उरत नाही. ‘उच्च’ पर्यायातले ३२० किलोबिट म्हणजे याच मुद्रणाला १००.८ एमबी. फोनच्या इअरफोनवर बोलणं ऐकणाऱ्याला त्यातून जास्तीचं काहीही मिळत नाही.

आमच्या मागण्या अशा. ‘डेटा बचत’चं मूल्य ४८ किलोबिट, मोनो, २४ किलोहर्ट्झ करावं आणि सॅम्पल रेट बदलताना गाळणी लावावी. खिडकीतला अंदाज बिटरेट गुणिले सेकंद भागिले ८ या हिशेबाने काढावा. डब्ल्यूएव्हीसाठी सध्याचं सूत्र राहू द्या, ते बरोबर आहे. मदतपानावरचं वाक्य दुरुस्त करावं. प्रगत सेटिंगमध्ये बिटरेट आणि सॅम्पल रेट शेजारी शेजारी दाखवावेत, म्हणजे एकाला हलवल्यावर आकार बदलतो आणि दुसऱ्याला हलवल्यावर बदलत नाही, हे वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल.

आणखी एक मागणी आहे, आणि ती नुकसानीची. या पर्यायातून आधीच बाहेर गेलेल्या फाइली पुन्हा ४८ किलोबिटला बदलून सुधारत नाहीत. दुमडून आलेला आवाज त्यात कायमचा बसला आहे आणि दुसऱ्यांदा संकुचित केल्यावर आणखी घट होते. प्रत्येक भाग मूळ प्रकल्पातून नव्याने काढावा लागणार. तुमचं अ‍ॅप एका वेळी एकच प्रकल्प एक्स्पोर्ट करू देतं. तेव्हा दुरुस्तीसोबतच अनेक प्रकल्प एकदम एक्स्पोर्ट करण्याची सोय द्यावी आणि ती येईपर्यंतची वर्गणी माफ करावी.

सोबत मूळ १० सेकंदांचा सूर, त्यापासून तुमच्या अ‍ॅपने काढलेली एमपी३ आणि तिचा स्पेक्ट्रोग्राम जोडला आहे. उत्तरात ‘अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करा’ असं न कळवता, दुरुस्त आवृत्तीतून हाच सूर बाहेर काढून त्याची फाइल पाठवावी, ही विनंती.

कळावे,

आपले,
वर्गणीदार ग्राहक