‘हॅलो’च्या पुढचं वाक्य : वाचनालयाचं ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, आपल्या वाचनालयाच्या ओसरीवर नव्यानं स्मार्टफोन घेतलेली माणसं येतात. गेल्या महिन्यात एक आजी आल्या. गॅसची टाकी संपून आठ दिवस झाले होते आणि एजन्सीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून काहीच कळत नव्हतं. त्यांचा फोन पाहिला, तर एकाखाली एक नऊ ‘hello’. प्रत्येकाखाली एजन्सीकडून आपोआप आलेली इंग्रजी यादी : एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. आजींना इंग्रजी वाचता येत नाही. यादी आली की त्या पुन्हा ‘hello’ पाठवायच्या आणि पुन्हा तीच यादी यायची.

हे एकट्या आजींचं नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये शिक्षकांना, दुकानदाराला, पुण्याच्या लेकाला असाच एकेक शब्द गेलेला असतो. त्याचं कारण आम्हाला उशिरा उमगलं. फोनवर आपण ‘हॅलो’ म्हणतो, पलीकडचा ‘हां, बोला’ म्हणतो आणि मगच आपण कामाचं बोलतो. ही माणसं त्या ‘बोला’ची वाट बघत असतात. त्यात भिंतीवरच्या जाहिरातीही ‘या नंबरवर Hi पाठवा’ एवढंच सांगून थांबतात. मराठीत लिहिलं तर चालेल का, चुकलं तर पुसता येईल का, लांबलचक लिहिलं तर जास्त पैसे कापतील का, हे विचारायचा संकोच वाटतो.

म्हणून शिकवताना आम्ही एकच प्रश्न विचारतो : “फोन लावला असतात, तर हॅलोच्या पुढं काय म्हणाला असतात?” आजी एका दमात म्हणाल्या, “मी वरच्या आळीतली. नंबर लावून आठ दिवस झाले. टाकी कधी येणार?” म्हटलं, हेच पाठवायचं. सरावासाठी आत कपाटाजवळ आमचा स्वयंसेवक दुसरा फोन घेऊन बसला होता. आजींनी माइकचं चिन्ह दाबून धरलं, बोलल्या, बोट उचललं. आतून “उद्या येईल” असं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी ते तीनदा ऐकलं.

एजन्सीच्या त्या आपोआप चालणाऱ्या नंबरावर मात्र आवाज चालला नाही, पुन्हा यादीच आली. मग यादी वाचून दाखवली. भाषा बदलायचा आकडा तिच्यातच होता. तो आजींनी स्वतः दाबला आणि यादी मराठीत आली. पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे ओळखायलाही आता आम्ही शिकवतो. तेच उत्तर लगेच आणि अक्षरशः तसंच दुसऱ्यांदा आलं, तर समजायचं, यंत्र आहे. तिथं आकडा दाबायचा.

संदेश पुसायला पहिल्याच दिवशी शिकवतो, कारण पुसता येतं हे कळलं की हात मोकळा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश साधारण दोन दिवसांपर्यंत समोरच्याच्या फोनमधूनही काढता येतो. तोवर त्यानं वाचला असेल तर इलाज नाही, हेही सांगतो. काय पाठवायचं नाही, ती यादी छोटी आहे : ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर. बाकी रोजचं कामाचं बोलणं चालतं. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच 1930 या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा.

आता आम्हाला मदत हवी आहे.

बुधवारी दहा ते बारा बसतील अशी सहा माणसं हवीत. अट एकच : शिकणाऱ्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. आपण भराभर टाइप करून दिलं की काम होतं, पण पुढच्या बुधवारी तोच माणूस तेवढंच काम घेऊन परत येतो. शेजारी बसायचं, बोटानं दाखवायचं, थांबायचं. एकेका संदेशाला वीस मिनिटं लागतात, ती लागू द्यायची.

सरावासाठी चार जुने, चालू अँड्रॉइड फोन हवेत. काच तडकलेली चालेल, माइक आणि बॅटरी धड हवी. देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आपलं गूगल खातं काढा आणि मगच फोन रीसेट करा. खातं तसंच राहिलं, तर फोन पुन्हा सुरू होताना तुमचाच पासवर्ड मागू शकतो आणि आमच्या उपयोगाचा राहत नाही.

वाचनालयाच्या वायफायचं वर्षाचं बिल कुणी उचलणार असेल, तर रीतसर पावती देऊ.

आणि ज्यांना असे ‘hello’ येतात त्या शिक्षकांना, दुकानदारांना, ग्रामपंचायतीतल्या मंडळींना विनंती : उत्तरादाखल नुसतं ‘hello’ किंवा अंगठा पाठवू नका. “बोला, काय काम होतं? बोलून पाठवलं तरी चालेल,” एवढं आवाजात पाठवा. लिहून पाठवलेलं कित्येकांना वाचता येत नाही.

नावं आणि जुने फोन ग्रंथपालांकडे संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत द्यावेत.

आपले,
वाचनालयाचं कार्यकारी मंडळ