फॉलिक ॲसिडची गोळी नेमकी कधीपासून?

माननीय संपादक,

आपल्या दैनिकातील गर्भवतीच्या आहारावरील लेखात फॉलिक ॲसिडची गोळी ‘पहिल्या तीन महिन्यांत’ घ्यावी, असे म्हटले आहे. हा सल्ला चुकीचा नाही, पण इतका सैल आहे की बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूच्या ज्या जन्मदोषापासून बचाव करायचा, तो घडून गेल्यावर गोळी सुरू होण्याची शक्यता राहते.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरील पेशींचा पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि सुमारे २२व्या दिवशी मानेच्या भागात प्रथम जुळतात. तेथून ही जोडणी बॅगेची चेन ओढावी तशी दोन्ही दिशांना पुढे जाते. डोक्याकडचे तोंड साधारण २५व्या दिवशी आणि कमरेकडचे २८व्या दिवशी मिटले, की न्यूरल ट्यूब, म्हणजे भावी मेंदू व मज्जारज्जू, पूर्ण बंद होते. वरचे तोंड उघडे राहिल्यास मेंदू व कवटीचा वरचा भाग घडत नाही आणि मूल जगत नाही. खालचे उघडे राहिल्यास तो स्पायना बायफिडा होय. त्यातील उघड्या प्रकारात मज्जारज्जूचा भाग त्वचेच्या आवरणाविना राहतो व पुढचे कित्येक महिने गर्भजलात झिजतो, त्यामुळे पायांची शक्ती आणि लघवी-शौचावरील ताबा जातो.

याच जुळणाऱ्या कडांवरून न्यूरल क्रेस्टच्या पेशी सुटून शरीरभर जातात. त्यांच्यापासून संवेदी नसांच्या गाठी, त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा आणि आतड्यांतील मज्जापेशी तयार होतात. त्या गुदाशयापर्यंत पोहोचल्या नाहीत तर मूल शौच करू शकत नाही. तो हिर्शस्प्रुंग रोग. विद्यार्थी हे दोन्ही दोष एकत्र करतात, पण नळी न मिटणे वेगळे आणि पेशींचा प्रवास अपुरा राहणे वेगळे. उघड्या स्पायना बायफिडातही संवेदी नसांच्या गाठी बहुधा तयार झालेल्या असतात.

आता तारखा पाहा. शेवटची पाळी १ जूनला आली, तर गर्भधारणा साधारण १५ जूनला होते आणि नळी १३ जुलैच्या सुमारास मिटते. पुढची पाळी २९ जूनला अपेक्षित असते, म्हणजे पाळी चुकल्यानंतर हाती जेमतेम दोन आठवडे उरतात. तेवढ्यात तपासणी आणि नावनोंदणी किती जणींची होते?

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी न्यूरल ट्यूबचा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. उरलेल्यांत ती टळली नाही, हेही सांगायला हवे. इतरांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. मात्र अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करण्याआधीच औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे, कारण त्यानेही हा धोका वाढतो.

म्हणून पुढील लेखात ‘पहिल्या तीन महिन्यांत’ऐवजी ‘गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून’ असे छापावे, ही विनंती.

आपली,
शरीररचनाशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका, सातारा