बक्षिसावर कापलेला कर परत का मिळत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देवगड-मालवण पट्ट्यात मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. जुलै आला की एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका तांडेलाने विचारला, "काकानू, माजे कापलेले पैशे परत गावतले मा?" 2025-26 मध्ये टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत त्याला 3,20,000 रुपये लागले. हातात आले 2,24,000. उरलेले 96,000 आयोजकांनी टीडीएस म्हणून कापले. मासेमारीची वर्षाची कमाई जेमतेम 1,80,000. बँकेच्या व्याजावर कापलेला कर अशा माणसाला परत मिळतो, म्हणून हाही मिळेल हा त्याचा हिशेब.

इथे तो चालत नाही. लॉटरी, कोडी, सोडत, प्रश्नमंजुषा यांतल्या बक्षिसावर पहिल्या रुपयापासून सरसकट 30 टक्के कर लागतो. नव्या पद्धतीतली चार लाखांची करमुक्त मर्यादा आणि त्याच पद्धतीतली करसवलत, विम्याच्या हप्त्याची वजावट, यातलं काहीच त्या रकमेला लागू होत नाही. तिकिटाचा किंवा मुंबईला जाण्यायेण्याचा खर्चही वजा करता येत नाही. व्याजावर कर कापू नये म्हणून भरतो तो अर्जही इथे बाद. उलट तांडेलाला 3,840 रुपये आणखी भरावे लागले, कारण करावर 4 टक्के उपकर असतो आणि तो टीडीएसमध्ये कापलेला नसतो. त्याचं तोंड उतरलं. त्यात त्याची चूक कसली? विवरणपत्रही आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2, किंवा धंद्याचं उत्पन्न असेल तर आयटीआर-3 भरावं लागतं. त्याआधी कापलेल्या कराची नोंद असते त्या 26एएसमध्ये ते 96,000 दिसतात का ते पाहावं. दिसत नसतील तर बहुधा आयोजकाकडे पॅन चुकीचा गेलेला असतो.

दहा हजारांपर्यंतच्या एका बक्षिसावर टीडीएस कापत नाहीत, पण कर लागतोच. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना मात्र 1 एप्रिल 2023 पासून ही दहा हजारांची सूट नव्हती. खात्यातून पैसे काढताना आणि वर्षअखेरीस निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कापले जात. पैसे लावून खेळायच्या त्या खेळांवर ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदीच आली.

आमच्याकडे खरा घोळ होतो तो मंडळांच्या लकी ड्रॉमध्ये. 90,000 ची स्कूटर लागली तर कापायचं काय? रोख रक्कमच नसते. म्हणून चावी देण्याआधी 27,000 रुपये कर भरला गेल्याची खात्री आयोजकाने करून घ्यायची असते. तो विजेत्याकडून घ्यावा, नाहीतर मंडळाने स्वतः सोसावा. तसं न करता स्कूटर दिली तर मंडळाला दंड होऊ शकतो. पदाधिकाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं, आणि विजेता ऐन जल्लोषात 27,000 कुठून आणणार?

गणपती आणि शिमग्याच्या पावत्या छापायला जातील तेव्हा बक्षिसाच्या चित्राखाली मंडळांनी एवढंच छापावं: बक्षिसाची किंमत किती आणि तिचा कर कोण भरणार.

आपला,
एक वाचक, देवगड