व्याख्यानमालेच्या जुन्या चित्रफितींसाठी मंडळाचे आवाहन

सर्व सभासद व हितचिंतकांस सप्रेम नमस्कार.

आपल्या व्याख्यानमालेच्या व्हीएचएस कॅसेटी आणि डीव्हीडी आज पाहता येतात, त्याचे श्रेय दोन व्यक्तींना आहे. आपले जुने छायाचित्रकार दरवर्षी मानधन न घेता चित्रीकरण करत राहिले, आणि वाचनालयाच्या माजी ग्रंथपालबाईंनी बुरशी लागू नये म्हणून त्या कॅसेटी वर्षानुवर्षे आपल्या घरच्या कपाटात जपल्या. गेल्या वर्षी आपल्याच देणग्यांतून त्या संगणकावर उतरवून यूट्यूबवर चढवता आल्या. देणगीदारांचे मंडळ कायमचे ऋणी आहे.

मात्र डीव्हीडीवरून उतरवलेल्या कितीतरी व्याख्यानांचे शीर्षक आजही केवळ VTS_01_1 असे आहे, कारण फाइलचे तेच नाव शीर्षक म्हणून राहिले. बाकीच्यांची शीर्षके ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिली, त्यामुळे एकाच वक्त्याचे नाव तीन तऱ्हांनी आढळते आणि शोधणाऱ्याला एखादेच व्याख्यान सापडते.

यासाठी आम्ही एक तक्ता तयार केला आहे. स्तंभ A मध्ये चित्रफितीचा दुवा, B मध्ये विषय, C मध्ये वक्ता, D मध्ये पुष्प, E मध्ये वर्ष आणि F मध्ये सारांश भरायचा. वक्त्याचे नाव टंकित न करता यादीतून निवडायचे, म्हणजे ते सर्वत्र एकसारखे राहील. G मध्ये शीर्षक आणि H मध्ये त्याची लांबी आपोआप येते:

```
=TEXTJOIN(" | ", TRUE, B2:E2)
=LEN(G2)
```

‘विहिरींचे पाणी’, ‘पुष्प तिसरे’ आणि 2004 एवढेच ठाऊक असेल, तर वक्त्याचा रकाना रिकामा ठेवावा. शीर्षक ‘विहिरींचे पाणी | पुष्प तिसरे | 2004’ असे नीट तयार होते. त्या रकान्यात चुकून स्पेस पडली, तर मात्र दोन उभ्या रेघा लागोपाठ दिसतात. तशा दिसल्या की रकाना पुसून टाकावा. यूट्यूबवर शीर्षकाची मर्यादा 100 आहे, आणि LEN काना, मात्रा व हलन्तही स्वतंत्र मोजते. ‘व्याख्यान’ हा तीन अक्षरांचा शब्द तिथे 9 भरतो. म्हणून H मध्ये 90 च्या वर आकडा गेल्यास विषय आटोपशीर करावा. मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो, म्हणून विषय सर्वांत आधी ठेवला आहे.

वर्णनातील विषय, वक्ता, पुष्प आणि वर्ष यांची ओळही तक्ता जोडून देतो, परंतु सारांशाची दोन वाक्ये चित्रफीत ऐकूनच लिहावी लागतात. त्यासाठीच आम्हाला माणसे हवी आहेत. दिवाळीपूर्वीच्या आवाहनाला केवळ दोघे आले, याचे वाईट वाटले. ज्या सभागृहात बसायला जागा उरत नसे, त्याच सभागृहातील ही व्याख्याने आहेत.

प्रत्येकाने किमान पाच चित्रफिती घ्याव्यात. जुन्या निमंत्रणपत्रिका असल्यास आणून द्याव्यात, वक्ता व पुष्प त्यांवरूनच पडताळता येईल. दुसऱ्या प्रतीसाठी हार्ड डिस्क घ्यायची आहे, त्यासाठी यथाशक्ती देणगी द्यावी, पावती मिळेल. वाचनालयात शनिवारी व रविवारी सायंकाळी 6 ते 8, महिनाअखेरपर्यंत.

आपला,
कार्यवाह