चेहरा बदलणे म्हणजे रंगदुरुस्ती नव्हे

‘फोटोचे रंग सुधारता, मग मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा पुढच्या फ्रेममधून का बदलत नाही?’ असे विचारणारे पत्र (वाचकांची पत्रे, मंगळवार) वाचले. ते पटले नाही. फलाटावरच्या ट्यूबलाइटखाली पांढरा सदरा कॅमेऱ्यात हिरवट येतो. तो पांढरा करणे म्हणजे कॅमेऱ्याची चूक काढणे. पुढच्या फ्रेममधला चेहरा मात्र दुसऱ्या क्षणाचा असतो. माणूस तोच असला, तरी जो क्षण घडलाच नाही तो छापला जातो. म्हणूनच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमांत किरकोळ रंगदुरुस्ती चालते. चित्रात काही घालणे वा काढणे चालत नाही. ‘न्यूजवीक’ या अमेरिकी साप्ताहिकाने २००५ मध्ये मुखपृष्ठावर टीव्ही सादरकर्त्या मार्था स्टुअर्ट यांचा चेहरा एका मॉडेलच्या शरीरावर बसवला, आतल्या पानावर तशी नोंद असूनही टीका झालीच.

अर्थात रंगालाही मर्यादा आहे. १९९४ मध्ये ‘टाइम’ने खुनाचा आरोप असलेले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर काळवंडून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तो जसाच्या तसा दिला, त्यामुळे फरक स्टॉलवरच दिसला.

मिटलेले डोळे खटकत असतील, तर पुढची फ्रेम अख्खी छापावी.

— एक वाचक, दादर, मुंबई